शब्दचर्चा : विभक्ती शिकवण्याआधी 'कर्म' हा शब्द मुलांना कसा समजावून सांगावा?

विश्रामबागकर

नमस्कार. मी सांगलीत आठवीच्या पाच मुलांना घरी संस्कृत शिकवते. प्रथमा आणि द्वितीया यांची नावे काढण्यापूर्वी कर्ता, कर्म आणि सकर्मक क्रियापद एवढ्या तीन गोष्टी मराठी वाक्यांवर पक्क्या करून घ्याव्यात, असे मी ठरवले होते. करणारा तो कर्ता आणि ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म, असे मी सांगितले आणि दोन वाक्ये फळ्यावर लिहिली: "आजी हळद वाळवते" आणि "हळद वाळते".

पहिल्या वाक्यात एका मुलीने कर्ता 'आजी' आणि कर्म 'वाळवते' असे लिहिले. कर्म म्हणजे काम, आणि आजीचे काम वाळवण्याचे, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्या वाक्यात एका मुलाने कर्ता 'ऊन' लिहिला, कारण हळद बिचारी नुसती पडून असते आणि वाळवण्याचे काम उन्हाचे असते. दोघांनीही शब्दांचा रोजचा अर्थच लावलेला असल्यामुळे त्यांना चूक म्हणताना माझी जीभ अडखळली. हे शब्द ओळखून देण्याची अशी काही रीत आहे का, की जी पुढे द्वितीया शिकवताना मोडावी लागणार नाही?

ऊसपट्टा

यात अवघड काही नाही. क्रियापदाला "काय?" असा प्रश्न विचारावा आणि जे उत्तर येईल ते कर्म समजावे. काय वाळवते? हळद. उत्तर मिळाले तर क्रियापद सकर्मक, न मिळाले तर अकर्मक. आम्हाला शाळेत असेच शिकवले होते आणि आमचे कधी अडले नाही.

विश्रामबागकर

दादा, हा प्रश्न मीही विचारून पाहिला. पण दुसऱ्या वाक्यात "काय वाळते?" असे विचारले तरी उत्तर 'हळद' हेच येते. मग तिथेही हळद कर्म होईल आणि 'वाळणे' सकर्मक ठरेल.

ऊसपट्टा

हे खरे आहे. निर्जीव कर्ता असला की माझा प्रश्न फसतो, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

हळदीचा अडत्या

मी व्याकरणातला माणूस नाही, पण माझा जन्म हळदीच्या पेठेत गेला आहे, म्हणून सांगतो. आजी हळद वाळवते हे अर्धेच खरे आहे. हळद आधी शिजवावी लागते आणि मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते. कच्ची हळद तशीच वाळवली तर तिला एकसारखा रंग येत नाही. मुलांना वाक्य द्यायचेच असेल तर योग्य क्रमाने द्यावे.

माहुली

अडत्यांनी विषय सोडून उत्तर दिले असे कोणाला वाटेल, पण त्यांनी नकळत 'शिजणे' आणि 'शिजवणे' ही फार उपयोगी जोडी हातात दिली आहे. मी साताऱ्याकडच्या शाळांत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाई, तुमच्या मुलीची चूक मोलाची आहे. आपल्या बोलण्यात कर्म म्हणजे कृत्य, नाहीतर मग नशीब. "कर्म माझे!" म्हणताना कोणाला द्वितीया आठवत नाही. व्याकरणातला 'कर्म' मात्र कामाचे नाव नसून वाक्यातल्या एका नामाची जागा आहे. म्हणून मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगत असे: कर्ता आणि कर्म हे दोन्ही नामांतूनच किंवा सर्वनामांतूनच निवडायचे. आधी क्रियापदाखाली रेघ ओढून ते बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत शोध घ्यायचा. एवढ्याने 'वाळवते' हे उत्तर येणे थांबते.

आता 'ऊन' म्हणणाऱ्या मुलाकडे वळू. त्याला करणारा कोण असे विचारू नये, कारण मग तो जगात कारण शोधतो, आणि जगात उन्हाने हळद वाळते हे खरेच आहे. प्रश्न क्रियापदातूनच तयार करून विचारावा. धातूला 'णारा, णारी, णारे' जोडून विचारले की वाळवणारी कोण, तर आजी. आणि वाळणारी कोण, तर हळद. ऊन हा शब्द वाक्यातच नसल्यामुळे त्याला उभे राहायला जागा मिळत नाही. पाणिनीनेही कर्त्याची ओळख 'करणारा' अशी दिलेली नाही. 'स्वतन्त्रः कर्ता' असे तो म्हणतो. वाळण्याच्या वाक्यात हळद स्वतंत्र आहे, वाळवण्याच्या वाक्यात नाही.

कर्ता सापडला की मगच ऊसपट्टा यांचा प्रश्न विचारावा, पण कर्त्याला सोबत घेऊन: "आजी काय वाळवते?" याला 'हळद' असे सरळ उत्तर येते. "हळद काय वाळते?" हा प्रश्नच कानाला खटकतो, आणि ते खटकणे हीच अकर्मकाची खूण मानावी. मग मुलांकडून अशा जोड्या करून घ्याव्यात: दूध तापते आणि आई दूध तापवते, भांडे फुटते आणि मांजर भांडे फोडते, ऊस तुटतो आणि मजूर ऊस तोडतात. प्रत्येक जोडीत तेच नाम एका वाक्यात कर्ता असते आणि दुसऱ्यात कर्म होते, आणि त्याच्या रूपात मात्र कणाचाही फरक पडत नाही. जागा आणि रूप या वेगळ्या गोष्टी आहेत हे विभक्तीचे नाव न घेता कळते, ते इथेच.

कृष्णाकाठ

गुरुजी, 'तापवणे' आणि 'वाळवणे' ही प्रयोजक क्रियापदे आहेत. ती साधी सकर्मक म्हणून शिकवणे योग्य होईल का?

माहुली

अकर्मकाचे प्रयोजक केले की ते सकर्मक होतेच, त्यामुळे खोटे काही शिकवले जात नाही. त्याचे वेगळे नाव पुढे सांगावे.

कृष्णाकाठ

मला आणखी एक सोपी खूण सुचते. क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलते तो कर्ता. 'आजी' च्या जागी 'आजोबा' घातले तर 'वाळवतात' होते. 'हळद' च्या जागी 'बेदाणे' घातले तरी 'वाळवते' तसेच राहते. मुले हा बदल स्वतः करून पाहू शकतात.

माहुली

वर्तमानकाळात ही खूण चालते आणि मीही ती पडताळा म्हणून वापरतो. पण तिची व्याख्या करू नये. "आजीने हळद वाळवली" आणि "आजीने बेदाणे वाळवले" ही वाक्ये पाहा. इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आणि आजी 'ने' घेऊन बाजूला उभी राहते. ज्या मुलाला तुमची खूण व्याख्या म्हणून पाठ झाली आहे, तो इथे हळदीला कर्ता ठरवील. पहिले काही दिवस सगळी वाक्ये वर्तमानकाळातच ठेवावीत, हे उत्तम.

जतची पाटी

भूतकाळावरून माझी जुनी शंका आठवली. माझी आजी "म्या भाकरी खाल्ली" म्हणायची, पण "मी बाजारला गेले" म्हणायची. शाळेत 'म्या' म्हटले की आम्हाला गावंढळ ठरवले जाई. हा फरक सकर्मक आणि अकर्मक असा होता का?

माहुली

आजींच्या बोलण्यात तो तसाच दिसतो. प्रमाण मराठीत 'त्याने खाल्ली' आणि 'तो गेला' हा फरक टिकला, पण 'मी खाल्ली' आणि 'मी गेले' यांत तो बुजला. 'म्यां' हे जुन्या मराठीतले रूप आहे. ज्यांच्या घरी असे बोलतात त्या मुलांना सकर्मक क्रियापद कानानेच ओळखता येईल. अर्थात "मी धडा शिकले" आणि "तो पत्ता विसरला" यांत कर्म असूनही 'ने' येत नाही, तेव्हा हीसुद्धा पक्की कसोटी नव्हे.

कृष्णाकाठ

मग तुमच्या रीतीवरही एक वाक्य घालून पाहतो: "मला आंबा आवडतो." आवडणारा कोण? आंबा. तो कर्ता झाला. आता कर्त्याला सोबत घेऊन विचारतो, "आंबा कोणाला आवडतो?" उत्तर येते, 'मला'. प्रश्न कुठेही खटकला नाही. मग 'मला' हे कर्म आणि 'आवडणे' सकर्मक?

माहुली

इथे माझी रीत उघडी पडते, हे मान्य करतो. म्हणून पहिल्या पाठात प्रश्न "काय?" एवढाच ठेवावा आणि "कोणाला?" बाहेर ठेवावा, म्हणजेच कर्माच्या जागी निर्जीव वस्तूच येतील अशी वाक्ये निवडावीत. "आई बाळाला उठवते" हे वाक्य घ्यायचेच झाले तर जोडी लावून पाहावी. 'बाळ उठते' असे साधे वाक्य निघते, म्हणून बाळ कर्म. 'मला' मधून तसे काही निघत नाही. मात्र 'खाणे' किंवा 'लिहिणे' यांना अशी अकर्मक जोडी नाही, तिथे हा उपाय चालत नाही.

कृष्णाकाठ

आवडणारा आंबा असला तरी आवड माझी आहे. आजचे काही भाषाशास्त्रज्ञ अशा वाक्यात 'मला' यालाच कर्त्याच्या जागी बसवतात, आणि मला ते पटते.

माहुली

तुम्हाला पटते, मला आठवीसाठी पटत नाही. संस्कृतात "मह्यम् आम्रं रोचते" असे होते, आम्र प्रथमेत राहते आणि ज्याला आवडते त्याला चतुर्थी लागते. बाईंच्या मुलांना तिकडेच जायचे आहे, म्हणून कर्ता आंबाच ठेवावा.

विश्रामबागकर

काल सात जोड्या करून घेतल्या. 'ऊन' म्हणणाऱ्या मुलाने "हळद काय वाळते?" हे मोठ्याने म्हटले, स्वतःच हसला आणि कर्म नाही असे लिहिले. नंतर मी मुद्दाम दोन संस्कृत वाक्ये दिली: "फलं पतति" आणि "बालः फलं खादति". दोन्हीकडे 'फलम्' एकसारखेच दिसते, त्यामुळे रूपावरून काही कळले नसते. पडणारे कोण आणि खाणारा कोण असे विचारून चौघांनी बरोबर उत्तर दिले. पाचवीने दोन्हीकडे कर्म लिहिले, कारण तिने कर्ता न शोधता थेट "काय?" विचारले होते.

पण एक नवीनच अडचण समोर आली. "बालः ग्रामं गच्छति" हे वाक्य पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. "मुलगा काय जातो?" हा प्रश्न खटकतो, म्हणून मुलांनी 'जाणे' अकर्मक ठरवले, आणि मराठीत ते बरोबरच आहे. संस्कृतात मात्र ग्राम हे कर्म आहे.

माहुली

पाणिनीच्या मते कर्त्याला क्रियेने जे सर्वांत अधिक गाठायचे असते ते कर्म: 'कर्तुरीप्सिततमं कर्म'. जाणाऱ्याला गाव गाठायचे असते, म्हणून ग्राम कर्म ठरते आणि तिथे काम या अर्थाचा संबंधच येत नाही. मी हे वाक्य पहिल्या महिन्यात गाळत असे आणि द्वितीया शिकवून झाल्यावर "मराठीत जाणे अकर्मक, संस्कृतात गम् सकर्मक" असे सरळ सांगत असे.

कृष्णाकाठ

गाळण्यापेक्षा सुरुवातीलाच 'गाठणे' हे क्रियापद द्यावे, असे मला वाटते. "मुलगा गाव गाठतो" म्हटले की "मुलगा काय गाठतो?" याला उत्तर मिळते.

विश्रामबागकर

पण मग मुले 'गच्छति' चा अर्थ 'गाठतो' असा लिहू लागतील आणि परीक्षेत गुण जातील. उद्या दोन मुलांना एका रीतीने आणि तिघांना दुसऱ्या रीतीने देऊन पाहते.