पत्र पेटीत पडले, पण कोणासाठी? कलम ४ आणि उत्तरतालिकेवरील आक्षेप

नेरूळचा परीक्षार्थी: परीक्षेत करार कायद्यावरचा प्रश्न असा होता: "ठाण्याच्या 'क'ने नाशिकच्या 'ख'ला टपालाने प्रस्ताव पाठवला. 'ख'ने ५ तारखेला स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले, ते 'क'ला ८ तारखेला मिळाले. स्वीकृती कळवण्याची क्रिया केव्हा पूर्ण झाली?" उत्तरतालिकेत ५ तारीख आहे आणि ती बरोबर आहे. पत्र पेटीत पडले की स्वीकृती पूर्ण, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. ८ तारीख लिहिणाऱ्यांनी आक्षेप घेऊन सर्वांचा निकाल अडवू नये.

नौपाड्यातील वकील: आपण सांगता तो नियम इंग्लंडचा आहे, १८१८ च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल खटल्यातला. १८७२ च्या आपल्या करार कायद्याने तो जसाच्या तसा घेतलेला नाही. कलम ४ नुसार पत्र 'ख'च्या हातून सुटून वाटेला लागले की प्रस्ताव ठेवणारा 'क' बांधला जातो. स्वतः 'ख' मात्र ते पत्र 'क'ला कळेपर्यंत बांधलेला नसतो. म्हणून ६ तारखेला 'क'ला प्रस्ताव मागे घेता आला नसता, पण 'ख'ने पत्राच्या आधी पोहोचेल असा निरोप धाडून स्वीकृती मागे घेतली असती, तर कलम ५ ने त्याला ती मुभा दिलेली आहे. कोणाविरुद्ध पूर्ण झाली, हे प्रश्नात विचारलेले नसेल, तर कायद्याच्याच शब्दांत दोन्ही तारखा बरोबर ठरतात.

नेरूळचा परीक्षार्थी: न्यायालये तालिकेत हात घालत नाहीत. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता, १९८३. तालिका चुकीची असल्याचे उघड दिसले पाहिजे, तर्काची साखळी जोडून ती चुकीची ठरवता येत नाही. आपण हा निकाल वाचला असेलच.

नौपाड्यातील वकील: वाचला आहे, आणि पुढचा भागही वाचला आहे. प्रश्न संदिग्ध असल्याचे लक्षात आणून दिले, तर विद्यापीठाने तत्काळ निर्णय घेऊन तो वगळावा आणि त्याला गुण देऊ नयेत, असे त्याच निकालात म्हटले आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या रणविजय सिंह निकालाप्रमाणे शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्यांना मिळतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच जे मांडायचे ते आक्षेपाच्या मुदतीत मांडावे. न्यायालयात जाईपर्यंत बाजू कमकुवत झालेली असते.

कोपरीची विद्यार्थिनी: गेल्या वर्षी दुसऱ्या एका परीक्षेत मी असाच आक्षेप घेतला होता. हजार रुपये भरले, माझा पर्याय कसा बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी वर्गातील टिपणांची तीन पाने जोडली, आणि उत्तर आले: आक्षेप अमान्य. कारण नाही, पैसे परत नाहीत. आमच्या घरात हजार रुपये सहज निघत नाहीत, सर.

नौपाड्यातील वकील: ताई, तो राग रास्त आहे, परंतु आक्षेपाची मांडणी चुकली होती. आपला पर्याय बरोबर आहे एवढेच सिद्ध केले, तर तज्ज्ञ म्हणतात की तालिकेतलाही बरोबर आहे, आणि तालिका तशीच राहते. तालिकेतले उत्तर एकमेव बरोबर उत्तर नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी टिपणे नकोत. मूळ कलम ४ आणि त्याखालचे उदाहरण जोडावे, आणि दोन्ही पर्याय ग्राह्य धरा किंवा प्रश्न रद्द करा, अशी मागणी स्पष्ट लिहावी.

ऐरोलीचे शिक्षक: थांबा. मी इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहिली आहे, आणि तिथे 'प्रस्ताव ठेवणाऱ्याविरुद्ध' या अर्थाचे शब्द आहेत. मराठीत ते गळले आहेत. इंग्रजीत ५ हेच एकमेव उत्तर आहे, आणि तफावत असल्यास इंग्रजी ग्राह्य, अशी सूचना पहिल्या पानावर छापलेली आहे.

कोपरीची विद्यार्थिनी: म्हणजे मराठीतून परीक्षा देणाऱ्याने प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा? मिनिटाला एक प्रश्न सोडवायचा असताना? मग मराठी माध्यमाचा पर्याय देताच कशाला?

ऐरोलीचे शिक्षक: सूचना मी लिहिलेली नाही. ती अस्तित्वात आहे, एवढेच सांगत आहे. माझे स्वतःचे विद्यार्थीही यात अडकले आहेत.

नौपाड्यातील वकील: हे खरे असेल, तर माझा वरचा युक्तिवाद इंग्रजी पाठाला लागू होत नाही, इथे मी मागे येतो. मग आक्षेप कायद्यावर न घेता भाषांतरावर घ्यावा, दोन्ही पाठ शेजारी ठेवून, गळलेल्या शब्दांखाली रेघ मारून. ती सूचना शब्दछटांच्या फरकासाठी समजता येते. ज्या शब्दांनी उत्तरच बदलते ते वगळल्यावरही तिचा आधार घेता येईल का, यावर मात्र दोन मते होऊ शकतात.

नेरूळचा परीक्षार्थी: कलम ४ मी अर्धेच वाचले होते, हे मान्य करतो. परंतु मी इंग्रजी पाठ वाचून ५ लिहिले आहे. प्रश्न रद्द झाला तर माझा बरोबर मिळवलेला गुण जातो, आणि त्याची भरपाई कोणीही सांगत नाही.

कोपरीची विद्यार्थिनी: मी रद्द करण्याची मागणी लिहिणार नाही. मराठी पाठावर परीक्षा देणाऱ्यांसाठी ८ तारीखही ग्राह्य धरा, एवढेच लिहीन. उद्या संध्याकाळी मुदत संपते. सर, इंग्रजी पानाचे छायाचित्र आज मिळेल का?