मदत हवी आहे: मधुमेहासाठी सांगितलेली ‘ताटाची पद्धत’ आपल्या वरण-भात-पोळीच्या ताटाला कशी लावावी?

सायली_पुणे

माझ्या वडिलांचे वय 64 असून त्यांना काही वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी त्यांना एक चित्र दिले आहे, त्यात नऊ इंची ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा आणि पाव भाग धान्याचा दाखवला आहे. चित्र समजते, परंतु त्यात सगळे पदार्थ कोरडे आणि एकमेकांशेजारी मांडलेले आहेत. आमच्या ताटात वरण वाटीत असते, भात त्याच वरणात कालवला जातो आणि पोळी ताटाच्या कडेला घडी करून ठेवलेली असते.

बाबांचे दुपारचे जेवण म्हणजे तीन पोळ्या, दोन वाट्या भात, एक वाटी पातळ वरण, बहुधा बटाट्याची किंवा बटाटा घातलेली भाजी आणि चमचाभर कोशिंबीर. परवा जेवणापूर्वी साखर 132 होती आणि दोन तासांनी 241 भरली. माझे प्रश्न दोन आहेत. पोळी आणि भात हे दोन्ही एकाच पाव भागात बसवायचे का? आणि वरण प्रथिनांत धरायचे की धान्यात?

बंडू_काका

भात पूर्ण बंद करावा, हे सर्वांत सोपे. मी दहा वर्षे भात खाल्लेला नाही आणि पोळ्या मात्र भूक असेल तितक्या खातो. गव्हाने साखर वाढत नाही, भातानेच वाढते.

आहारमित्र

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. काकांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. पांढरा भात चटकन खाल्ला जातो, किती झाला ते कळत नाही आणि त्याने साखर वेगाने चढते. परंतु गव्हाने साखर वाढत नाही हे बरोबर नाही. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके असतात आणि वाटीभर शिजलेल्या भातात सुमारे तीस. वाटीभर भात सोडून दोन पोळ्या वाढवल्या, तर हिशेब होता तिथेच राहतो, किंबहुना थोडा वाढतोच.

सायलीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. दोन्ही मिळून एकच पाव भाग. येथे चित्र आपल्याला फसवते, कारण ते जागा मोजते आणि आपण पोळी घडी करून ठेवतो. चौघडी पोळी नऊ इंची ताटाचा जवळजवळ पूर्ण पाव भाग व्यापते, पण त्याच जागेवर तीन पोळ्या एकावर एक ठेवल्या तरी जागा तेवढीच दिसते. भाताच्या मुदीचेही तसेच, ती वर वाढते, पसरत नाही. म्हणून धान्याच्या बाबतीत जागेऐवजी एक पोळी आणि अर्धी वाटी भात असे माप धरावे. ज्यांना भात नको असेल त्यांनी दोन लहान पोळ्या घ्याव्यात.

ताटही मोजून पाहा. आपले स्टीलचे ताट बहुधा बारा इंची असते आणि त्याचे क्षेत्रफळ नऊ इंचीच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक असते. त्याच प्रमाणात वाढले, तर प्रमाण बरोबर राहूनही अन्न मात्र पावणेदोन पट होते.

सायली_पुणे

ताट मोजले. साडेबारा इंची आहे. आता वरणाचे सांगाल का?

आहारमित्र

वरणाचे उत्तर त्याच्या घट्टपणावर अवलंबून आहे. माणशी तीस ग्रॅम कच्ची डाळ घातली तर सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्याबरोबर अठरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही येतात. मूठभर डाळीत चार जणांचे पातळ वरण केले, तर प्रथिने नावापुरतीच उरतात. म्हणून मी घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा पिठले यांना प्रथिनांच्या पाव भागात ठेवते, पण त्यातली कर्बोदके विसरत नाही आणि त्यामुळेच भात अर्ध्या वाटीवर थांबवते. माझ्या काही सहकारी डाळीला अर्धे धान्य मानतात आणि जोडीला दही, पनीर किंवा अंडे सांगतात. तेही चुकीचे नाही.

तुमच्या बाबांच्या आजच्या जेवणाचा अंदाज असा निघतो: पोळ्यांचे साठ, भाताचे साठ, बटाट्याचे सतरा-अठरा आणि वरणाचे दहा, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या जवळ. एक पोळी, अर्धी वाटी भात, वाटीभर घट्ट वरण आणि ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, दोडका, भेंडी, कोबी व कोशिंबीर यांनी भरला, तर हा आकडा साठ-पासष्टवर येतो. बटाटा, रताळे, सुरण, मका आणि मटार हे भाजीच्या भागात न धरता धान्यात धरावेत.

एक गोष्ट मात्र आधी करा. ग्लिमेपिराइड चालू असताना धान्य एकदम निम्म्याहून कमी केले, तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर किंवा अचानक भूक लागली तर लगेच तपासून पाहावे. बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवून गोळीचे प्रमाण विचारून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनांचे मापही त्यांनाच विचारावे.

मडगावकर_नाना

आमच्या घरी दुपारी पोळी नसतेच, शीत आणि हुमण असते. मग माझ्या ताटातले बांगडे कुठल्या भागात गेले? आणि हुमणातला नारळ?

आहारमित्र

नाना, बांगडे प्रथिनांत, आणि त्यात कर्बोदके जवळजवळ नसल्यामुळे भात अर्ध्या वाटीऐवजी पाऊण ते एक वाटी घेता येईल. तळलेल्याऐवजी हुमणातला मासा बरा. नारळाने साखर फारशी वाढत नाही, पण उष्मांक वाढतात, म्हणून रस बेताने घ्यावा. तुमच्या ताटात खरी उणीव भाजीची दिसते.

वसुधा_नाशिक

आमच्याकडे अडचण ताटाची नव्हती, बाजारहाटाची होती. पाव किलो भेंडी चौघांत वाटली की माणशी साठ ग्रॅम येते, म्हणजे अर्धे ताट कधीच भरत नाही आणि भुकेला शेवटी पोळीच उरते. आता आम्ही एका वेळेला माणशी दीडशे-दोनशे ग्रॅम भाजी धरून आणतो. भाजी वाढली म्हणून तेल त्याच प्रमाणात वाढवायचे नाही, हे स्वयंपाक करणाऱ्याला वेगळे सांगावे लागते.

सायली_पुणे

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी गोळीचे प्रमाण कमी केले आणि धान्य टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगितले. सध्या बाबा दोन पोळ्या, अर्धी वाटी भात, घट्ट वरण आणि दोन वाट्या भाजी घेतात. काल जेवणापूर्वी 126 आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी 178 आले. मात्र चार वाजता त्यांना खूप भूक लागते, आणि त्यांचा हट्ट आहे की भात ताकासोबत शेवटीच हवा, कोशिंबीर आधी खाणार नाही.

आहारमित्र

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, तेच जेवण ठेवून आणखी काही दिवस दोन्ही वेळा मोजा. भात शेवटी खाण्याला माझी हरकत नाही, भाजी आणि वरण आधी पोटात गेले तर उलट साखरेची चढण थोडी मंदावते. चार वाजता भूक लागली की आधी साखर तपासा. ती कमी नसेल, तर मूठभर भाजलेले चणे द्या.

बंडू_काका

मी आज पोळ्या मोजल्या. पाच झाल्या. डॉक्टरांना दाखवावे का?

आहारमित्र

जरूर. भात सोडूनही शंभर ग्रॅम कर्बोदके एका पोळ्यांमधूनच जात आहेत. सोबत गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणीही करून घ्या.