मदत हवी आहे: पेस्ट केलेल्या मजकुरातून माहिती वेगळी काढायची आहे

शिवणकाम_घरचं: पिशव्यांच्या मागण्यांचे ३४० मेसेज एकत्र पेस्ट केलेत. यातली सगळी माहिती नीट काढून हवी आहे. सकाळपासून हाताने करतेय, चाळीसही झाले नाहीत. नमुना:

```
१२/५ निळी पिशवी 2, लाल 1. मंगळवारपर्यंत. पैसे दिले
12/5 वरच्यात लाल नको, हिरवी द्या
१३/५ मोठी पिशवी ५ नग, पत्ता तोच
```

मुसाफिर: सगळी म्हणजे कोणती? तारीख, नग, पैसे, पत्ता? आणि तक्ता हवा की यादी?

शिवणकाम_घरचं: जे महत्त्वाचं आहे ते. वाचलं की कळतंच ना.

सूत्रधार७: सोपं आहे. गूगल शीटमध्ये हे टाका, नग निघतील.

```
=REGEXEXTRACT(A1,"\d+")
```

आबा_लेखनिक: माझ्याकडे जुन्या बिलांचे फोटो आहेत, त्यातली अक्षरं नीट उमटत नाहीत. कोणतं ॲप चांगलं?

मुसाफिर: आबा, इथे मजकूर टाइप केलेलाच आहे. फोटोंसाठी वेगळा धागा काढा.

खतावणी: सूत्रधार, हे सूत्र पहिलाच सापडलेला आकडा देतं आणि शीटमधलं `\d` देवनागरी अंक ओळखत नाही. पहिल्या ओळीत 2 मिळेल, लालचा 1 सुटेल. दुसरीत तारखेचा 12 येईल, तिसरीवर #N/A.

ताई, आधी ठरवा की तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय. एका मेसेजला एक ओळ दिलीत तर 'निळी 2, लाल 1' एकाच खान्यात बसेल आणि बेरीज होणार नाही. शिवाय दुसरा मेसेज नवी मागणी नाही, पहिलीतली दुरुस्ती आहे. पुढे या तक्त्याचं काय करणार आहात?

शिवणकाम_घरचं: मंगळवारी कापड कापायचंय. कोणत्या रंगाच्या किती, एवढंच हवंय.

खतावणी: हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर! मग तीनच रकाने करा: प्रकार, नग आणि मूळ मेसेज. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र ओळ. दुरुस्ती आली तर जुनी ओळ खोडू नका, खाली लाल -1 आणि हिरवी 1 अशा दोन ओळी वाढवा. बेरजेत लाल आपोआप शून्य होईल आणि मूळ मेसेज शेजारी असल्यामुळे शंका आली तर लगेच पडताळता येईल.

सूत्रधार७: पैशांचा रकाना पण ठेवा. नंतर पुन्हा ३४० मेसेज वाचत बसणार का?

खतावणी: ठेवा, पण तिसऱ्या मेसेजात पैशांचा उल्लेखच नाही. तिथे 'बाकी' लिहू नका, खाना कोरा सोडा.

मुसाफिर: आणि 'मोठी पिशवी' कोणत्या रंगाची?

शिवणकाम_घरचं: अरे देवा, ते त्यांनी लिहिलंच नाहीये. अशा किती असतील? फोन करायला घेते.