मदत हवी आहे: बायको गरोदर, घरात मांजर, टॉक्सोचा रिपोर्ट आला आहे

कास्तकार_दारव्हा
बायकोला तिसरा महिना सुरू आहे. तालुक्याच्या दवाखान्यात टॉर्च टेस्ट सांगितली, त्यात टॉक्सोचं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आलं. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे. घरात भाटी आहे, सोयाबीनच्या पोत्यांवरचे उंदीर तीच मारते. आई म्हणते आजच दुसऱ्या गावाला सोडून ये. बायको रडते आहे. काय करावं?

रानपाखरू
पॉझिटिव्ह म्हणजे जंतू अंगात आहेत, गोळ्या लगेच सुरू करा. आणि मांजराचे केस पोटात गेले की हेच होतं. सोडून या.

माई_अकोला
माझ्या वहिनीचं दोनदा पोट पडलं, तेव्हा हीच टेस्ट केली होती. तिचं काहीच निघालं नाही. तुमच्याकडे आधी असं झालं होतं का?

कास्तकार_दारव्हा
नाही ताई, पहिलीच वेळ.

गुरांचा_डॉक्टर
दादा, आधी रिपोर्टचं बोलू. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, तेही तिसऱ्या महिन्यात, याचा अर्थ बहुधा लागण दिवस राहण्याआधीच होऊन गेली. अशा बाईच्या बाळाला सहसा धोका नसतो. आयजीएम पॉझिटिव्ह आलं असतं तरी ते कित्येक महिने तसंच राहू शकतं, म्हणून तेव्हा अ‍ॅव्हिडिटीची टेस्ट करून लागण नवी की जुनी ते बघतात. गोळ्यांचं सोमवारी डॉक्टरच सांगतील.

केसांचं म्हणणं बरोबर नाही. जंतू मांजराच्या विष्ठेतून पडतो. मांजर पहिल्यांदा कच्चा उंदीर, पाखरू खाऊन बाधित झालं की साधारण एक ते तीन आठवडे पडतो, नंतर बहुतेक मांजरांत थांबतो. ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, एक ते पाच दिवसांत बाधक होते. म्हणून रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कुणी उचलून पुरायची.

तुमची भाटी बसते कुठं?

कास्तकार_दारव्हा
चुलीच्या राखेच्या ढिगावर, नाहीतर वाडीत सांबाराच्या वाफ्यात. तोच सांबार बायको खुडून आणते.

गुरांचा_डॉक्टर
मग खरी जागा ती. मातीत हे जंतू कित्येक महिने टिकतात. वाफ्यावर काटेरी फांद्या टाका. निंदण तिनं करायचं झालंच तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुवून. सांबार, पालक वाहत्या पाण्यात धुवावा. मटण पूर्ण शिजवून, पाणी उकळून. तिला लागण जुनी असली तरी या सवयी घरातल्या सगळ्यांच्या कामाच्या.

रानपाखरू
केसांचं मला असंच सांगितलं होतं. पण भाटी व्याली तर? पिल्लं तर नवीनच ना?

गुरांचा_डॉक्टर
बरोबर विचारलं. पिल्लू शिकार करू लागलं की जंतू पडण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

कास्तकार_दारव्हा
भाटी पोटूशीच आहे. आणि बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे, तिची ही टेस्ट झालेली नाही. तिनं करावी का?

गुरांचा_डॉक्टर
ते तिच्या डॉक्टरांना विचारा. तोवर तिला लागण झालेली नाही असंच धरून चाला. राखेचा ढीग आणि वाफा तिला पूर्ण बंद.