मदत हवी आहे: ब्लूटूथ स्पीकरच्या लिस्टिंगमध्ये खरे वॅट आणि खरा प्लेटाइम कसा लिहू?

निळू_नाशिक:
आमच्या छोट्या ब्रँडखाली ब्लूटूथ स्पीकर ऑनलाइन विकायला काढतोय. पुरवठादाराच्या खोक्यावर ठळक छापलंय, '४० वॅट, १२ तास प्लेटाइम'. मी एक नग उघडला. आत ४५ मिमीचे दोन ड्रायव्हर आहेत, ४ ओहमचे, पाठीवर ५ वॅटचा शिक्का. अँप्लिफायरची चिप पॅम ८४०३. एकच १८६५० सेल, वर २००० एमएएच लिहिलंय. सेलपासून बूस्ट सर्किटने ५ व्होल्ट केलेत आणि चार्जिंगला टीपी ४०५६ आहे. मधला गोल पत्रा नुसता पॅसिव्ह रेडिएटर आहे, त्याला तारच नाही.

४० हा आकडा कुठून आला ते पुरवठादारही सांगू शकत नाही. मला लिस्टिंगमध्ये सलग चालणारे खरे वॅट वेगळे आणि पीक वेगळं दाखवायचंय, तासही खरे लिहायचेत. माझ्याकडे ट्रू आरएमएस मल्टिमीटर आणि यूएसबी मीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. कसं मोजू?

धडधड_डीजे:
४० वॅट सोसायटीच्या गणपतीला पुरणार नाहीत. थोडे पैसे टाकून १५ इंची ट्रॉली स्पीकर घ्या, माइकपण मिळतो.

निळू_नाशिक:
दादा, मला घ्यायचा नाही, विकायचा आहे.

पावशेर:
सोपं आहे. पीक हे आरएमएसच्या दुप्पट असतं, म्हणून ४० चे २० झाले. पीएमपीओ असेल तर दहाने भागा, ४ वॅट. ड्रायव्हरवर ५+५ लिहिलंय म्हणजे १० वॅट तर बिनधास्त लिहा. आणि बॅटरी २००० एमएएच गुणिले ५ व्होल्ट, १० वॉट-अवर. १० वॅटला १ तास, कमी आवाजात ५-६ तास धरा.

ओहमकार:
पावशेर, दुपटीचा हिशोब शुद्ध साइन वेव्हला बरोबर आहे, त्या लाटेच्या शिखराची क्षणिक पॉवर सरासरीच्या दुप्पटच असते. पण खोक्यावरचे ४० हे असं शिखर नाहीच. पीएमपीओला ठरलेली मोजपद्धत नाही, त्यामुळे दहाने भागा नाहीतर पन्नासाने, उत्तर अंदाजपंचेच. ड्रायव्हरवरचे ५ वॅट म्हणजे तो ड्रायव्हर न जळता किती सोसेल ते. अँप्लिफायर किती देईल याच्याशी त्याचा संबंध नाही.

निळूभाऊ, तुमची कमाल मर्यादा चिप आणि ५ व्होल्ट ठरवतात. या चिपची दोन्ही आउटपुट टोकं उलटसुलट हलतात, म्हणून ४ ओहमवर जास्तीत जास्त ५ व्होल्टचं शिखर मिळेल. शिखराचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची दुप्पट, २५ भागिले ८, म्हणजे ३.१ वॅट. हे एकही मिलिव्होल्ट वाया गेला नाही असं धरून. डेटाशीटमधले '३ वॅट' १० टक्के डिस्टॉर्शनवरचे आहेत, तिथे आवाज चरचरतो. म्हणजे कागदावरच दोन्ही चॅनेल मिळून ६ च्या वर जाता येत नाही. ४० सोडाच, १० सुद्धा नाही.

आता मोजायचं असं. दोन्ही स्पीकर सोडवा आणि त्यांच्या जागी प्रत्येकी ४ ओहम, १० वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लावा. तो तापतो, टेबलाच्या सनमायक्यावर ठेवू नका. क्लास-डी आउटपुटवर मीटर थेट लावला तर अडीच लाख हर्ट्झच्या आसपासचं स्विचिंग रीडिंग बिघडवतं, म्हणून रेझिस्टरच्या दोन्ही टोकांपासून एकेक किलोओहम घेऊन मीटरपर्यंत या आणि मीटरच्या दोन प्रोबांमध्ये ४७२ छापलेला कपॅसिटर टाका. उद्या कुणाचा ऑसिलोस्कोप मिळालाच, तर त्याची ग्राउंड क्लिप कुठल्याच आउटपुट तारेला लावू नका. इथे एकही तार ग्राउंड नाही, चिप जाऊ शकते.

ऑडॅसिटीत ४०० हर्ट्झचा साइन टोन बनवा, दोन्ही चॅनेलमध्ये, उणे १२, उणे ९, उणे ६, उणे ३ आणि ० डीबी अशा पाच फाइल्स. ४०० एवढ्यासाठी की स्वस्त मीटर त्याच्या फार वर खोटं बोलतात. फोनचा इक्वलायझर बंद, फोन आणि स्पीकर दोन्हींचा आवाज पूर्ण, बॅटरी भरलेली. प्रत्येक ३ डीबीला व्होल्टेज १.४१ पटीने वाढायला हवं. जिथे ते तेवढं वाढत नाही तिथे लाट कापली जातेय. त्याच्या आधीचं रीडिंग तुमचं. एकाच चॅनेलवर मोजू नका, आकडा सुंदर दिसतो पण तो खरा नाही, कारण बूस्टवर अर्धाच भार असतो.

चिंचगूळ:
आमच्याकडे १००० वॅटवाला ट्रॉली स्पीकर आहे. त्याचा अडॅप्टर १५ व्होल्ट २ अँपिअरचा. ३० वॅटच्या अडॅप्टरवर हजार वॅट कसे?

ओहमकार:
तो बॅटरीतूनही ओढत असेल, त्यामुळे नुसत्या अडॅप्टरवरून निकाल देता येत नाही. पण हजार सलग नाहीत हे नक्की. आतल्या चिपचा नंबर वेगळ्या धाग्यात टाका, बघू.

निळू_नाशिक:
मोजलं. उणे १२ ला ०.९८ व्होल्ट, उणे ९ ला १.३८, उणे ६ ला १.९५, उणे ३ ला २.७५ आणि ० डीबीला ३.३. शेवटचं ३.९ च्या आसपास यायला हवं होतं ना? उणे ३ चा टोन १० मिनिटं चालू ठेवला तर २.७५ वरून २.६८ वर आलं, बूस्टची कॉइल बोट ठेववत नाही इतकी गरम.

यूएसबी मीटरवर रिकाम्यापासून पूर्ण चार्जला १४५० एमएएच गेले. आणि ब्लूटूथ जोडलेलं, गाणं थांबवलेलं, अशा अवस्थेत सेलमधून ७० मिलिअँपिअर जातात.

पावशेर:
१४५० गुणिले ५, म्हणजे ७.२५ वॉट-अवर. सेलवर २००० गुणिले ३.७ म्हणजे ७.४ लिहिलंय. जुळलं की!

ओहमकार:
नाही जुळलं. टीपी ४०५६ हा लिनिअर चार्जर आहे. जेवढे मिलिअँपिअर आत घेतो तेवढेच सेलला देतो, आणि ५ व्होल्ट आणि सेलच्या व्होल्टेजमधला फरक उष्णता करून टाकतो. म्हणून एमएएच तसेच धरा आणि सेलच्या ३.७ ने गुणा, सुमारे ५.४ वॉट-अवर. स्विचिंग चार्जर असता तर वॉट-अवरवरून जावं लागलं असतं. तुमचा सेल २००० चा नाही. तो काढून किचन काट्यावर ठेवा, चांगल्या २००० च्या सेलचं वजन ४३ ग्रॅमच्या पुढे भरतं.

पॉवरचं बघू. ० डीबीला ३.३ चा वर्ग १०.९, भागिले ४, म्हणजे २.७ वॅट, पण ती कापलेली लाट आहे. पुरवठादाराला खरं बोलायचं असतं तरी त्याने '३+३' लिहिलं असतं ते इथूनच. उणे ३ ला १.९ वॅट स्वच्छ. १० मिनिटांनंतर २.६८ वर १.८ वॅट. सलग हा शब्द वापरायचाय तर १.८ च धरा, दोन चॅनेलचे ३.६. शून्य आणि उणे ३ च्या मध्ये उणे २ ची फाइल करून पाहिलीत तर थोडं वाढेलही, पण गरम झाल्यावर ते टिकतं का तेही पाहा.

आता तास. गाण्याची सरासरी पॉवर टोनपेक्षा खूप कमी असते. सुरक्षा चाचण्यांत न कापलेल्या आउटपुटचा आठवा भाग धरतात, तोच घेऊ, ३.६ चे ०.४५ वॅट. चिप आणि बूस्टमधली गळती धरून सेलमधून सुमारे ०.६६ जातील. त्यात नुसतं जागं राहण्याचे ७० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२६ वॅट मिळवा. एकूण ०.९२. म्हणून ५.४ भागिले ०.९२, पावणेसहा तासांच्या आसपास. ठासून भरलेल्या रिमिक्सची सरासरी याच्या दुप्पट धरली तर साडेतीन तासांच्या आत. आणि १२ डीबी कमी आवाजात सगळा खर्च जागं राहण्याचाच उरतो, मग १८ तास.

निळू_नाशिक:
म्हणजे १२ तास खोटे नाहीत?

ओहमकार:
१२ तासांसाठी एकूण खर्च ०.४५ वॅट हवा. म्हणजे पूर्ण आवाजापेक्षा साधारण ५-६ डीबी खाली. खोटं नाही, पण आवाज न सांगता लिहिलंय, म्हणून ग्राहकाच्या उपयोगाचं नाही. '५० टक्के व्हॉल्यूमवर' लिहूनही भागत नाही. ५० टक्क्यांना किती डीबी कमी करायचं ते प्रत्येक स्पीकरच्या फर्मवेअरमध्ये वेगळं असतं, कुठे १० तर कुठे २०. एक मीटरवर किती डेसिबल ते लिहा. फोनमधलं ॲप ३-४ डीबी इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा साउंड लेव्हल मीटर एका दिवसापुरता भाड्याने आणा.

निळू_नाशिक:
दोन्ही चालवून पाहिले. पूर्ण आवाजात जुनी गाणी ५ तास ३५ मिनिटं, रिमिक्स ३ तास १० मिनिटं. शेवटच्या अर्ध्या तासात रिमिक्सच्या ठोक्याला स्पीकर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा.

ओहमकार:
सेल ३.३ व्होल्टच्या खाली आला की तेवढ्याच पॉवरला बूस्ट जास्त करंट ओढतो, ठोक्याला व्होल्टेज कोसळतं आणि ब्लूटूथ चिप रीसेट होते. प्लेटाइम पहिल्या रीसेटपर्यंतच धरा, म्हणजे रिमिक्सचे २ तास ४० मिनिटं. हे नाही लिहिलंत तर 'बॅटरी खराब' म्हणून नग परत येतील.

लिस्टिंगचा मजकूर असा चालेल:

> आउटपुट: १.८ + १.८ वॅट सलग (४ ओहम, ४०० हर्ट्झ, दोन्ही चॅनेल एकत्र, १० मिनिटांनंतर). क्षणिक कमाल: प्रति चॅनेल २.७ वॅट, या पातळीवर आवाज फाटतो.
> बॅटरी: मोजलेली १४५० एमएएच, ३.७ व्होल्ट.
> प्लेटाइम: पूर्ण आवाजात साधी गाणी साडेपाच तास, जोरदार बेस असलेली गाणी अडीच तास. मध्यम आवाजात (१ मीटरवर __ डेसिबल) __ तास.
> ड्रायव्हर: २ × ४५ मिमी, एक पॅसिव्ह रेडिएटर.

रिकाम्या जागा मोजूनच भरा, माझ्या हिशोबाने नाही. आणि एका नगावर लिस्टिंग काढू नका. लॉटमधले चार-पाच उघडा, सेल एकसारखे नसतात.

पावशेर:
मान्य. पण शेजारच्या लिस्टिंगवर ४० वॅट आणि यांच्यावर ३.६, कोण घेणार? पोर्टलच्या फिल्टरमध्ये '५ वॅटपेक्षा कमी' असा खणच नसतो बऱ्याचदा. मी तर २.७ दुणे ५.४ लिहिलं असतं, '१० टक्के डिस्टॉर्शनवर' असं सांगून. चिपवालेही तसंच लिहितात.

ओहमकार:
डिस्टॉर्शन सांगून लिहिलंत तर मी खोटं म्हणणार नाही. फक्त निळूभाऊंनी ते मोजलेलं नाही. ३.३ व्होल्टला १० टक्के आहे की १५ हे मल्टिमीटर सांगत नाही, त्याला ऑसिलोस्कोप किंवा साउंड कार्ड लागेल. न मोजलेले १० टक्के छापले तर पुरवठादारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

निळू_नाशिक:
पोर्टलच्या पॉवरच्या रकान्यात एकच पूर्णांक बसतो, दशांश घेतच नाही. तिथे ३ टाकू की ४?

चिंचगूळ:
३ टाका. आणि पहिल्या फोटोत ४० वालं खोकं दिसतंय, ते आधी काढा.

निळू_नाशिक:
खोक्यावर छापलेलंच आहे, पूर्ण लॉट तसाच आलाय. वर स्टिकर लावायचा म्हटलं तर एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता त्याच बाजूला आहे, तो झाकून चालणार नाही. फक्त ४० चा आकडा झाकेल असा छोटा स्टिकर कुणी करून घेतलाय का?