शंभर शब्दांच्या निबंधात प्रस्तावना किती असावी?

परभणीची पालक: सहावीतल्या मुलीला कृतिपत्रिकेत ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ हा निबंध शंभर शब्दांत लिहायचा आहे. प्रस्तावनाच 45 शब्दांची झाली आणि समारोपाला जागा उरली नाही. काय कमी करावे?

मराठीच्या बाई, अंबाजोगाई: ताई, प्रस्तावनेला वीस, मधल्या भागाला साठ आणि समारोपाला वीस शब्द ठेवा. ‘आपला भारत देश हा विविधतेने नटलेला महान देश आहे’ अशी सुरुवात असेल, तर हे नऊ शब्द कोणत्याही निबंधाला चालतात, म्हणून ते आधी काढा. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘भारत 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या राज्यातच राहिला. हे स्वातंत्र्य इथे 17 सप्टेंबर 1948 रोजी पोहोचले.’ हे नेमके वीस शब्द आहेत आणि पुढे काय सांगायचे, तेही त्यातून ठरते. मधल्या भागात नेत्यांच्या नावांची यादी नको. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व आणि रझाकारांचा जुलूम एवढेच नीट उलगडू द्या. मुले ‘निजामाच्या राजवटी विरुद्ध लढा पुकारण्यात आला होता’ असे सात शब्द खर्च करतात, त्यात ‘विरुद्ध’ तोडून लिहिणे ही चूकही होते. ‘लोकांनी निजामाविरुद्ध लढा पुकारला’ या चार शब्दांत लढणारी माणसेही दिसतात.

निवृत्त शिक्षक, लातूर: बाईंनी सांगितलेली काटछाट योग्य आहे, पण वीस-साठ-वीस हे माप आधीच हातात दिले, की मूल विचार सोडून शब्द मोजत बसते. माझ्या मते आधी मोकळेपणाने दीडशे शब्द लिहू द्यावेत आणि मग छाटावेत. एवढ्या लहान निबंधाला वेगळा समारोप लागतच नाही.

मराठीच्या बाई, अंबाजोगाई: सर, घरच्या सरावाला तुमची रीत मला मान्य आहे, परंतु परीक्षेत दोनदा लिहायला वेळ कुठून आणायचा? शिवाय समारोप नसला, तर निबंध अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटतो.

बीडचा पालक: आमच्या मुलाचे साठ शब्दही होत नाहीत, म्हणून आम्ही त्याच्याकडून तयार निबंध पाठ करून घेतो. ते चालेल ना?

मराठीच्या बाई, अंबाजोगाई: दादा, पाठ केलेला निबंध विषय थोडा बदलला की अडतो. त्याला घरातल्या थोरामोठ्यांकडून त्या दिवसांची एक आठवण ऐकवा आणि ती तीन वाक्यांत लिहायला सांगा. शब्द तिथेच वाढतील.

परभणीची पालक: मुलीने बाईंची सुरुवात घेतली आणि शेवट स्वतः लिहिला: ‘त्या दिवशी माझे पणजोबा बारा वर्षांचे होते. शाळेच्या झेंड्याकडे पाहताना मला ते आठवतात.’ आता सुरुवातीची प्रत्येक तारीख तीन शब्द धरली तर एकूण 104 होतात आणि एक धरली तर बरोबर शंभर. तपासताना काय धरतात?

निवृत्त शिक्षक, लातूर: मी एकच धरत असे.

मराठीच्या बाई, अंबाजोगाई: आमच्याकडे तीन धरतात. तिच्या वर्गशिक्षकांनाच विचारा, पण पणजोबांचे वाक्य काढू नका.