सोलर वीज खरेदी कराराचं मराठी भाषांतर सांगलीत कोण चांगलं करून देईल?

बेदाणेवाली
तासगाव रस्त्याला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. एक कंपनी स्वतःच्या खर्चानं छतावर २०० किलोवॉटचं सोलर बसवणार आणि आम्ही २० वर्षं त्यांची वीज घ्यायची, युनिटला ४.५० रुपये. करार ३४ पानी, सगळा इंग्रजीत. सह्या सासरे आणि चुलत सासरे करणार. दोघांचं म्हणणं, वाचल्याशिवाय सही नाही. बरोबरच आहे म्हणा. एकाकडून नमुन्याला दोन पानं करून घेतली तर 'डीम्ड जनरेशन'चं 'समजली गेलेली निर्मिती' होऊन आलं. सासऱ्यांनी विचारलं, "कुणी समजली?" मला उत्तर देता येईना. सांगली-मिरजेत कुणी माहीत आहे का? बजेट ६ हजार, मुदत आठवडाभर.

विट्याचा_राजा
ताई, करारबिरार कशाला? आम्ही 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये अर्ज केला, सगळं मराठीतच होतं. १० टक्के भरले, पंप आला. पॅनेल मात्र दर पंधरा दिवसांनी पुसा, धूळ फार बसते.

बेदाणेवाली
दादा, पंप नाही ओ. कोल्ड स्टोरेजचं छत आहे.

मिरजकर७२
स्वस्तातलं भाषांतर महागात पडतं. मी माझ्या कारखान्याच्या मशीनचा करार पुण्यातून करून घेतला, शब्दाला अडीच रुपये. तुमचे १२ हजार शब्द धरले तर ३० हजार. पण काम एक नंबर, स्पायरल बाइंडिंगसकट.

बेदाणेवाली
बजेट ६ हजार लिहिलंय.

कोर्टाजवळचा
करारात 'इंग्रजी प्रतच ग्राह्य' असं कलम असणारच. मग मराठी प्रतीला किंमत काय? उगाच पैसे घालवू नका. फार तर नोटरी करून घ्या.

सहवीज_लेखनिक
नोटरीनं भाषांतर बरोबर होत नाही, साहेब. नोटरी सही बघतो, अर्थ नाही. आणि भाषांतर कोर्टासाठी नकोच आहे, सही करायची की नाही हे ठरवायला हवंय.

मी साखर कारखान्यात होतो, सहवीजनिर्मितीच्या करारांची मराठी टिपणं संचालक मंडळासाठी मीच करायचो. तिथं आम्ही वीज विकणारे, इथं तुम्ही घेणारे, म्हणून खाचा उलट्या. बेदाणेवाली ताई, 'डीम्ड'ला मराठी शब्द आहे: मानीव. सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणातला तोच. मानीव निर्मिती म्हणजे मीटरवर आली नाही तरी आली असं धरून जिचं बिल तुम्हाला लागतं ती वीज. पण शब्द सापडला म्हणजे काम झालं असं नाही. ही वीज कुणाच्या कारणानं अडली तर मोजायची, ते वाक्य जसंच्या तसं इथं टाका.

बेदाणेवाली
इंग्रजीत आहे 'एनी रीझन नॉट ॲट्रिब्युटेबल टू द डेव्हलपर'. नमुन्यात भाषांतर आलंय, 'खरेदीदाराच्या कारणाने'.

सहवीज_लेखनिक
हे बघा, इथंच फसलं. 'खरेदीदाराच्या कारणाने' म्हणजे तुम्ही छत दुरुस्तीला काढलं, मेन स्विच पाडून ठेवला, असली कारणं. मूळ वाक्य म्हणतं, कंपनीचा दोष नसलेलं कुठलंही कारण. त्यात लाईट जाणं आलं. ग्रिडची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी. वर कडकडीत ऊन असलं तरी. म्हणजे दुपारी दोन तास लाईट गेली, तासाला १३० युनिट धरली, तर २६० युनिट. तुम्ही डिझेल जाळून कॉम्प्रेसर चालवला, त्याचा खर्च तुमचा, आणि न आलेल्या विजेचे ११७० रुपये कंपनीला. असं महिन्यात दहादा झालं तर ११ हजार ७००. भाषांतर वाचून सासरे सही करतील ते निर्धास्तपणे, म्हणून हे वाईट.

मराठीत लिहायचं ते असं: 'ज्यासाठी विकासकाला जबाबदार धरता येत नाही अशा कोणत्याही कारणाने, वितरण कंपनीचा पुरवठा बंद असणे यासह'. शेवटचा तुकडा मूळ मजकुरात नसेल तर कंसात 'अनुवादकाची टीप' म्हणून टाका. आणि कंपनीला सांगा, ग्रिड बंद असलेले तास वगळा, किंवा वर्षाला ठरावीक तास माफ धरा. हे मागितलं म्हणून कुणी रागावत नाही.

पलूसचा_पाटील
लाईट कुठं जाते आता? आमच्याकडं तर जातच नाही.

विट्याचा_राजा
पाटील, या आमच्याकडं.

मिरजकर७२
दरवर्षी ३ टक्के वाढ असेल ना? साडेतेरा पैसे. त्यात काय भाषांतर करायचं?

सहवीज_लेखनिक
पहिल्या वर्षी साडेतेरा पैसेच. पण ३ टक्के कशावर? मूळ दरावर की आदल्या वर्षीच्या दरावर? मूळ दरावर धरलं तर विसाव्या वर्षी दर ७ रुपये ७ पैसे. आदल्या वर्षीच्या दरावर धरलं तर ७ रुपये ८९ पैसे. मराठीत नुसतं 'वार्षिक ३ टक्के वाढ' लिहिलं की दोन्ही अर्थ निघतात आणि वाचणारा आपल्या सोयीचा घेतो. मी दर कलमाखाली वीस ओळींचा तक्ता जोडायचो. वर्ष, दर, बस. संचालक मंडळातले शेतकरी मजकूर वाचायचे नाहीत, तक्ता वाचायचे.

कोर्टाजवळचा
वीज मंडळाचा दर तर वाढतोच, मग घाबरायचं कशाला?

सहवीज_लेखनिक
मोठ्या ग्राहकांना दुपारी वीज स्वस्त द्यायचा नियम केंद्रानं २०२३ साली केलाय, सौर तासांतला दर नेहमीच्यापेक्षा किमान २० टक्के कमी. सोलर नेमकी तेव्हाच बनते. तुलना करताना दुपारचाच दर घ्यावा, सरासरी बिल नव्हे.

कोर्टाजवळचा
करार मधेच मोडला तर द्यायच्या टर्मिनेशन पेमेंटचं 'दंड' करू नका एवढं सांगतो. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई.

सहवीज_लेखनिक
हे बरोबर बोललात. शिवाय 'दंड' वाचलं की वाटतं, आपण चूक केली तरच द्यायचा. ताई, परिशिष्टात वर्षागणिक उतरत जाणारे आकडे असतील. ते पैसे जागा विकली तरी लागतात का, आणि भरल्यावर सोलर तुमचं होतं की कंपनी काढून नेते, ही दोन वाक्यं मराठीत ठळक अक्षरांत हवीत.

बेदाणेवाली
आत्ता बघितलं. जागा हस्तांतरित केली तरी लागतात, नवा मालक करार घ्यायला तयार नसेल तर. सोलर कुणाचं ते कुठंच लिहिलेलं नाही. चुलत सासऱ्यांचा हिस्सा वेगळा करायचं घरात चाललंय, त्यामुळं हे मोठं निघालं.

मिरजकर७२
म्हणूनच म्हटलं, पुण्याला द्या.

बेदाणेवाली
सगळ्यांचे आभार. पुण्याला नाही दिलं. सासऱ्यांनी त्यांच्या ओळखीचे निवृत्त दस्तलेखक शोधले, ५ हजारात ३४ पानं करतायत, हातानं, निळ्या शाईत. ते 'मानीव'ला तयार आहेत, पण तक्ता म्हणजे दस्त नव्हे म्हणतात, तो मी एक्सेलमध्ये करून मागं टाचणार. कंपनीला ग्रिड बंद असलेले तास वगळा म्हणून मेल केली. उत्तर आलं, हे आमचं स्टँडर्ड कलम आहे. सासऱ्यांना मराठीत वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "त्यांना सांग, आमची पण स्टँडर्ड सही आहे."